दुसरा आला, झाले आंबे

आमच्या सोसायटीतल्या मराठीला काहीतरी झालंय, हे मला लिफ्टमध्ये कळलं. पाच वर्षांचा एक गृहस्थ आईला म्हणाला, "मम्मा, आज दोन आंबाज हवेत." आई म्हणाली, "एकच मिळेल." व्यवहार तिथेच संपला. आंबाज या शब्दाबद्दल दोन्ही पक्षांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती कोपऱ्यात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभ्या असलेल्या मुद्रितशोधक बाईची, म्हणजे माझी. मुद्रितशोधकाला हा आजारच असतो. लग्नपत्रिका हातात आली की लोक तारीख बघतात, मी वेलांट्या बघते.

मी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्यात मराठीचं पुढे कसं होणार, वगैरे होतं. असे मेसेज टाकू नयेत. कमिटीने उत्तर दिलं, "छान कल्पना. दर शनिवारी पाच ते सहा क्लबहाउस तुमचं. सहा वाजता टेबल टेनिसवाले येतील." आणि पुढच्या शनिवारी पाच-सहा वर्षांची सहा मुलं, एक टेबल टेनिसचं टेबल आणि मी, अशी समोरासमोर आलो.

मी तयारी करून गेले होते. मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' खाली काढलं होतं आणि त्यातला अनेकवचनाचा सगळा पसारा एका अठ्ठावीस ओळींच्या गाण्यात बसवला होता. पुल्लिंगी शब्द 'आ'ने संपला की 'ए' होतो, बाकीचे पुल्लिंगी हलत नाहीत, स्त्रीलिंगी 'ई'चं 'या' होतं, 'ऊ'चं 'वा' होतं, नपुंसकलिंगी 'अ'चं 'ए' होतं. काही म्हणून सोडलं नव्हतं. 'सासू-सासवा'सुद्धा होत्या. पाचव्या ओळीला एका मुलीने विचारलं, "काकू, पुल्लिंगी म्हणजे काय?" दहाव्या ओळीपर्यंत तीन मुलं टेबलाखाली गेली होती. सासवा आल्या तेव्हा ऐकायला समोर कोणीच नव्हतं.

हे सगळं दारातून चौथ्या मजल्यावरच्या आजी बघत होत्या. त्यांची तीस वर्षं बालवाडीत गेली आहेत, आणि त्या अजूनही कोणाही माणसाकडे तो नाक पुसायचं राहिलेलं मूल असावा अशा नजरेने बघतात. त्या म्हणाल्या, "अगं, हे तू मुलांसाठी लिहिलंयस का दामल्यांसाठी?"

मी म्हटलं, "नियम तर यायला हवेत ना, आजी?"

"नियम त्यांच्या कानात घाल, डोक्यात नको. आणि एका वेळी एकच शेपूट पकड. पाच शेपटं एकदम धरलीस तर एकही बैल हातात राहायचा नाही."

आजींनी 'शेपूट, शेपटं' असं सहज म्हटलं आणि मला जाणवलं, की आपण कधीही न शिकलेल्या नियमाने दिवसभर बोलत असतो. 'शेपूट'चं 'शेपटं' का, 'शेपुटं' का नाही, हे मला विचाराल तर मी दामले काढीन. स्त्रीलिंगी 'अ'ने संपणाऱ्या शब्दांचं तर सगळं देवाच्या हवाली आहे. 'वीट'च्या 'विटा' होतात आणि 'भिंत'च्या 'भिंती'. विटांचीच भिंत, तरी दोघींचं एकमेकींशी पटत नाही. असले शब्द गाण्यात घ्यायचेच नाहीत, ते बोलता बोलता तोंडात बसतात, हा आमचा पहिला ठराव. ज्याचं शेपूट दर वेळी तसंच वळतं, तेवढंच घ्यायचं. असं सर्वांत सरळ शेपूट म्हणजे आंब्याचं: आंबा, आंबे.

दुसऱ्या शनिवारी अठ्ठावीस ओळी गेल्या आणि हे आलं:

हाती आंबा, एकच आंबा,
दुसरा आला, झाले — आंबे!

ताटी पेढा, एकच पेढा,
दुसरा आला, झाले — पेढे!

खिशात गोटा, एकच गोटा,
दुसरा आला, झाले — गोटे!

वाचताना यात काही विशेष दिसत नाही, आणि साहित्य म्हणून नाहीच. पण तुकडा मोजून पाहा. 'हाती आंबा' आठ मात्रा, 'एकच आंबा' आठ, 'दुसरा आला' आठ, 'झाले आंबे' आठ. प्रत्येक तुकड्याला दोन टाळ्या, चार-चार मात्रांवर एकेक. 'झाले' एका टाळीवर आणि 'आंबे' दुसऱ्या. चाल लावायची नाही, बोलण्याचाच ठेका ठेवायचा. न्यूयॉर्कमध्ये परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहम यांनी १९७८ साली 'जॅझ चॅन्ट्स' नावाचं पुस्तक काढलं, त्यातली युक्ती हीच आहे: ठेक्यासाठी भाषा वाकवायची नाही, रोजच्या बोलण्यात असलेला ठेकाच थोडा ठळक करायचा. माझी कवयित्री होण्याची इच्छा मधे मधे डोकं वर काढते, म्हणून मी आधी 'झाले आंबे गोड गोड' असं लिहिलं होतं. मुलांनी 'आंबे' गिळले आणि 'गोड गोड' मात्र छत हलेल इतक्या जोरात म्हटलं. शेवटच्या टाळीवर जे येतं तेच मुलाच्या तोंडात राहतं. राहायला हवं होतं 'बे', राहिलं 'गोड'. त्यामुळे 'गोड गोड' गेलं. आंबे तसेही गोडच होते.

आंबे खरे होते, हे सांगायला हवं. आजींचा दंडकच आहे की मूल शब्दाला हात लावू शकलं पाहिजे. एक आंबा समोर धरायचा, दुसरा पाठीमागे लपवायचा, 'दुसरा आला'ला तो बाहेर काढायचा, 'झाले' म्हणून टाळी वाजवायची आणि मग थांबायचं. हात वर, टाळी वाजलेली नाही, तोंड बंद. सगळी शिकवणी या थांबण्यात आहे. शिकवणाऱ्याने तिथे 'आंबे' म्हटलं की मुलं तेच मागून म्हणतात, आणि आपल्याला वाटतं वर्ग चाललाय. मला एवढा वेळ गप्प बसायची सवय नाही. पहिल्या दोन खेपांना मीच उत्साहाने 'आंबे!' ओरडले. आजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की तिसऱ्या खेपेला मी ओठ दाताखाली धरले. दीड-दोन सेकंदांची शांतता झाली आणि मग सहा तोंडांतून एकदम 'आंबे!' आलं. पुढचे दोन दात पडलेल्या आमच्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या 'पेढे'त तर फक्त वारा होता, पण वाऱ्याच्या शेवटी 'ए' होता. तो पुरे.

घोडा, ससा, बोका हे मुलांना आवडणारे प्राणी मी घेतले नाहीत, कारण दुसरा आणायचा कुठून? डबा, फुगा, पेला चालतात. पंखा चालत नाही, तो छताला असतो.

पाच मिनिटांच्या वर हे म्हणू नये, नाहीतर त्याचा परवचा होतो. त्या शनिवारी मुलं इतकी छान म्हणत होती, की मी पालकांना बोलावून म्हणून दाखवलं. पालकांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं. मी घरी जाऊन दामल्यांना परत वरच्या फळीवर ठेवलं. काम फत्ते.

तिसऱ्या शनिवारी पर्समधून दोन कंगवे काढले आणि सहज विचारलं, "हे काय आहे?"

"दोन कंगवा," सहाही जणांनी एका सुरात सांगितलं.

थोडक्यात, मुलांना 'आंबे, पेढे, गोटे' पाठ झाले होते. नियमाचा त्यांना वाराही लागला नव्हता. पाठ झालंय की आलंय, हे ओळखायची एक जुनी रीत आहे आणि ती फारच गमतीची आहे. जीन बर्को नावाच्या अमेरिकन बाईंनी १९५८ साली ती एका निबंधात मांडली. त्यांनी पक्ष्यासारख्या एका गुबगुबीत प्राण्याचं चित्र काढलं, त्याला 'वग' असं नाव दिलं आणि चार ते सात वर्षांच्या मुलांना दाखवलं. मग दुसरा तसाच प्राणी शेजारी आणून विचारलं, आता हे दोन काय आहेत? 'वग' हा शब्द जगात कोणीच ऐकला नव्हता, त्यामुळे तो पाठ असायचा प्रश्नच नव्हता. तरी बहुतेक मुलांनी 'वग्ज' सांगितलं. याचा अर्थ नियम त्यांच्या आत होता. पण शब्दाच्या शेवटी आधीच 'स'सारखा आवाज असला आणि शेपूट थोडं लांब लावायचं असलं, की तीच मुलं अडायची.

हे वाचल्यावर मला मोठा आनंद झाला, कारण बर्कोबाईही माझ्यासारखंच 'दुसरा आला' म्हणत होत्या. मी ताबडतोब एक पोट सुटलेला, तीन केसांचा प्राणी काढला. तो आमच्या सेक्रेटरींसारखा दिसतो असं नंतर काही जणांचं म्हणणं पडलं, पण तो योगायोग समजावा. त्याचं नाव ठेवलं भोपटा. पुढच्या शनिवारी हाती आंब्याऐवजी भोपटा आला. 'हाती भोपटा, एकच भोपटा' यात ठेका थोडा अडखळतो. मुलांनीही डोळे बारीक केले. 'दुसरा आला, झाले...' हात वर. शांतता. चार जणांनी 'भोपटे!' म्हटलं. एकीने 'भोपटाज' म्हटलं. दात पडलेले गृहस्थ म्हणाले, "दोन सेक्रेटरी."

'भोपटाज' ऐकून तुम्ही 'चुकलीस' असं म्हणू नका. मी म्हटलं नाही. "हो का? झाले भोपटे!" एवढंच म्हणून पुढचा शब्द घेतला. दोन आठवड्यांनी तीच मुलगी खेळाच्या मैदानावर ओरडत होती, "माझे फुगे फुटले!" आंबाज-भोपटाजचा विषय तिथे संपला.

मग वाटीकडे वळलो. इथे मला स्वतःलाच नवीन काही कळलं.

हाती वाटी, एकच वाटी,
दुसरी आली, झाल्या — वाट्या!

खिशात गोळी, एकच गोळी,
दुसरी आली, झाल्या — गोळ्या!

मुलं पहिल्याच खेपेला बरोबर म्हणाली. आंब्यांना दोन आठवडे लागले आणि वाट्यांना दोन मिनिटं, असं का? नीट ऐकल्यावर उलगडलं. आपल्या भाषेत क्रियापद आधीच कानात सांगून ठेवतं. 'झाल्या' म्हटलं की पुढे 'ट्या'च येणार, यमकच तसं जुळतं. आंब्यांच्या बाबतीतही 'झाले... बे' होतंच, पण 'ल्या-ट्या' जास्त ठसठशीत. मी यावर फार खूश झाले आणि आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तू त्यांना कॉपी पुरवतेस." खरंच होतं. म्हणून दोन-तीन खेपांनंतर 'झाल्या' काढून टाकायचं. नुसत्या वाट्या दाखवायच्या, "एक वाटी, दोन...?" आणि गप्प बसायचं. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांनी 'दोन वाटी' म्हटलं. कुबडी काढली की लंगडणं दिसतं. पुन्हा दोन खेपा कुबडी द्यायची, पुन्हा काढायची. तिसऱ्या वेळी चालतात.

आता तुम्ही म्हणाल सगळं सुरळीत होतं. हत्ती यायचा होता.

मला वाटलं, जे शब्द बदलतच नाहीत तेही घ्यावेत, मुलांना मजा वाटेल. 'दारी हत्ती, एकच हत्ती, दुसरा आला, झाले — हत्ती!' शेवटी काहीच न झाल्यामुळे मुलं हसतील असा माझा अंदाज. प्लास्टिकचे दोन हत्ती आणले. पण हत्तीच्या शेवटी 'ई' आहे, आणि आदल्याच आठवड्यात 'ई'च्या सगळ्या वाट्या, गोळ्या, पाट्या, काड्या झाल्या होत्या. मुलांनी हत्तीचं लिंग विचारलं नाही. मुलं असलं विचारत नाहीत. मी 'दुसरा आला' म्हणेपर्यंत दोघी-तिघी पुढे जाऊन 'दुसरी आली' म्हणाल्या, आणि मग सहा टाळ्यांसकट दणक्यात आवाज आला: "झाल्या हत्त्या! दोन हत्त्या झाल्या!"

दारात टेबल टेनिसवाले उभे होते. सेक्रेटरी बॅट हातात घेऊन आत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, दोन हत्या? कुठे?"

'हत्त्या' आणि 'हत्या' कानाला अगदी सारखेच लागतात, हे मला मुद्रितशोधनाच्या पंचवीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मी सेक्रेटरींना प्लास्टिकचे हत्ती दाखवले. त्यांनी टेबलावर चिकटवलेला भोपटा बघितला. पुढे काही विचारलं नाही.

झालं ते माझ्या चुकीने झालं, मुलांच्या नाही. सारखं दिसणारं शेपूट लागोपाठच्या आठवड्यात घेतलं की मुलं नव्याला जुन्याचं शेपूट लावतात. हत्ती वाट्यांनंतर महिनाभराने यायला हवा होता, किंवा त्याच्या आधी लाडू. लाडू ठीक असतो. लाडू, लाडू. 'ई' नाही, घोळ नाही, आणि वर्ग संपल्यावर खाता येतो.

याच कारणासाठी अंडं मी दिवाळीपर्यंत पुढे ढकललंय. एक अंडं, दोन अंडी. तिथे 'ई' हे अनेकवचनच आहे. पण वाटीवर वाढलेलं मूल 'अंडी' हे एकवचन समजतं आणि सरळ पुढे जातं: एक अंडी, दोन अंड्या. भांडं, भांडी, भांड्या. केळं, केळी, केळ्या. मोठी माणसंही फळवाल्याला 'एक केळी द्या' म्हणताना मी ऐकली आहेत, त्यामुळे मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही.

'घर'ही बाकी आहे, पण त्याची अडचण वेगळी, आणि ती माझीच आहे. कामावर मी दिवसभर 'घरं'चं 'घरे' करत असते, छापायला तेच लागतं. मुलांच्या घरी मात्र 'घरं, झाडं, फुलं' असंच बोलतात. जे कानावर पडतं तेच गाण्यात घ्यायचं, 'घरे' पुढे पुस्तकात भेटेल तेव्हा भेटेल, हे मला पटतं. पण 'दुसरं आलं, झाली घरं' असं कार्डावर लिहायला बसले की माझा हात त्या अनुस्वाराशी अडतो आणि लाल पेन शोधतो.

दरम्यान एका मुलाच्या आईचा फोन आला. तिचा आवाज तापलेला होता. "तुमच्या वर्गात यायच्या आधी तो बरोबर बोलत होता. काल माझे दोघे भाऊ आले, तर सगळ्यांसमोर म्हणाला, दोन मामे आले!"

मी म्हटलं, "अभिनंदन."

तिला ते आवडलं नाही. पण खरंच अभिनंदनाची गोष्ट होती. 'मामे' हा शब्द त्याने कुठेही ऐकलेला नाही. तो त्याने स्वतः, आमच्या नियमाने, घरच्या घरी बनवला. कंगव्याच्या शनिवारी जे हवं होतं ते हेच. काका, मामा, दादा, बाबा या नात्यांना आंब्याचा नियम लागत नाही, दोन मामा आले तरी ते मामाच राहतात, हे पुढे चार वेळा ऐकलं की आपोआप कळतं. तोवर घरात पाहुणे आले तर जपावं. शिवाय माणसांना मी गाण्यात घेतच नाही. 'आजोबा आले' म्हटलं की मुलं विचारतात, किती? आदरार्थी बहुवचन समजावायला क्लबहाउसचा एक तास पुरत नाही.

फोन ठेवताना ती म्हणाली, "आणि मग 'बस'चं काय? तो 'बसा आल्या' म्हणतो." इथे मात्र मी हरले. आपण 'फाईल'च्या 'फायली' करून टाकल्या, पण 'बस'ला 'बसेस'चं इंग्रजी शेपूट तसंच ठेवलं, आणि ते शहाणपणाचंच आहे. स्टॉपवर कोणी 'बसा' ओरडलं तर लोक खाली बसतील.

गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर दात पडलेले गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांचा आणखी एक हलत होता. तो जिभेने पुढे-मागे करत ते म्हणाले, "काकू, आधी एक दात पडला, मग दोन दात पडले, आता तीन पडतील." 'दात' हत्तीसारखाच, जागचा हलत नाही. अनेकवचन सगळं 'पडला, पडले'मध्ये आहे. हे कोणी त्याला शिकवलेलं नव्हतं. तो वर्गात येण्याच्या आधीपासून असंच बोलत होता, आणि मी त्याला आठ शनिवार आंबे खाऊ घातले.

आंब्यांचा हंगाम आता संपलाय. येत्या शनिवारी पेढे लागतील. ज्यांना मुलं पाठवायची असतील त्यांनी पाठवावीत, पण सोबत पेढा एकच देऊ नये. दोन लागतात.